प्रबोधन म्हणजे काय? थोडक्यात उत्तर, आणि त्या उत्तरामागचे प्रश्न

प्रबोधन म्हणजे काय, अगदी थोडक्यात सांगा.

चौदाव्या ते सोळाव्या शतकात इटलीतल्या शहरांत सुरू होऊन पुढे युरोपभर पसरलेली विद्येची आणि कलेची चळवळ म्हणजे प्रबोधन. या काळात विद्वानांनी प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथ हुडकून काढले, ते मूळ भाषेत वाचले आणि त्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. कलेत त्यामुळे मोजमापाने खोली दाखवणारं चित्र आलं. शरीरशास्त्र, खगोलशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांत ग्रंथातलं वाक्य आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू शेजारी ठेवून बघायची सवय लागली. विचारांत मोठा फरक पडला तो असा, की एखादी गोष्ट जुनी आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली आहे, एवढ्यावर ती खरी मानणं हळूहळू कमी झालं.

पाच गुणांच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरतं. पण पोरं हे पाठ करून येतात आणि ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असं विचारलं की गप्प बसतात. पुढचे प्रश्न त्यासाठी आहेत.

‘प्रबोधन’ म्हणजे महाराष्ट्रातलं एकोणिसाव्या शतकातलं प्रबोधन का?

नाही. शब्द एक, गोष्टी दोन. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं. त्या काळापासूनच्या समाजसुधारणेच्या चळवळीलाही आपण प्रबोधन म्हणतो. आणि कीर्तनकारही समाजप्रबोधन करतात. या पानावरचं प्रबोधन युरोपातलं आहे, आणि त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘पुनर्जन्म’. कुणी त्याला पुनरुज्जीवन म्हणतं, हिंदी पुस्तकांत पुनर्जागरण असतं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या ज्योर्जो वासारीने १५५० साली कलेच्या ‘पुनर्जन्मा’ची भाषा केली. एका अख्ख्या कालखंडाचं नाव म्हणून तो शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्या काळातल्या फ्लॉरेन्सच्या माणसाला ‘तू कुठल्या युगात राहतोस?’ असं विचारलं असतं तर त्याने ‘प्रबोधनयुगात’ असं सांगितलं नसतं.

अठराव्या शतकातलं व्होल्तेर वगैरेंचं युग तिसरंच. त्याला ज्ञानोदय म्हणावं. उत्तरपत्रिकेत या दोघांची सरमिसळ सर्रास होते.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं, तिथले विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झालं. बरोबर?

हे उत्तर इतकं रुळलेलं आहे की ते चूक आहे म्हटलं तर पालक भांडायला येतात. तारखा लावून बघू.

इटालियन कवी पेत्रार्कने व्हेरोनात किकेरो या रोमन वक्त्याच्या पत्रांचं जुनं हस्तलिखित शोधलं ते १३४५ साली. मॅन्युएल क्रिसोलोरस हा कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान ग्रीक शिकवायला फ्लॉरेन्समध्ये आला १३९७ साली. तो पळून आला नव्हता, शहराने त्याला बोलावून घेतलं होतं. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ला सुरू होऊन १४३६ ला पुरा झाला. चित्रकलेवरचं अल्बेर्तीचं पुस्तक १४३५ चं. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा फ्लॉरेन्समधलं प्रबोधन चांगलं दोन पिढ्यांचं झालं होतं.

ग्रीक विद्वानांचा हातभार खोटा मात्र नाही. कार्डिनल बेसारिओन हा मूळचा ग्रीक. त्याने १४६८ साली आपली शेकडो हस्तलिखितं व्हेनिसला देऊन टाकली, आणि तिथल्या मोठ्या ग्रंथालयाचा पाया त्यातून घातला गेला. तेव्हा १४५३ ने वेग वाढवला असं लिहा. सुरुवात केली असं लिहू नका.

इटलीतच का?

पैसा होता, हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं असं की तो पैसा शहरांत होता आणि शहरांना लिहिणारी माणसं हवी होती. करार, मृत्युपत्रं, राजदूतांची पत्रं लिहायला लॅटिन जाणणारे लेखनिक लागत आणि त्यांना पगार मिळे. प्राचीन लॅटिनची गोडी आधी लागली ती याच लोकांना. व्यापाऱ्यांची मुलं हिशेबाच्या शाळेत त्रैराशिक शिकत. पिंपात किती माल मावेल, याचा अंदाज नजरेने करायला शिकत. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराने व्यापारी गणितावर एक पुस्तक लिहिलं आणि यथार्थदर्शनावर, म्हणजे मोजमापाने खोली दाखवण्याच्या पद्धतीवर, दुसरं. एकाच माणसाला ही दोन्ही पुस्तकं लिहावीशी वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही.

प्रबोधनाने ‘मानवतावाद’ आणला म्हणतात. म्हणजे दया, माणुसकी वगैरे?

हा घोळ मराठी शब्दाने घातला आहे. मानवतावाद म्हटलं की आपल्याला साने गुरुजी आठवतात. पंधराव्या शतकातला ‘मानवतावादी’ म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य आणि नीतिशास्त्र हे पाच विषय शिकवणारा किंवा त्यांत मुरलेला माणूस. आपण आज ज्यांना मानव्यविद्या म्हणतो, त्यांचा पंडित. तो नास्तिक नव्हता, बहुधा चर्चलाच जाणारा होता. आणि त्याच्या हातातलं हत्यार होतं व्याकरण.

व्याकरणाने काय होतं, असं वाटेल. इटलीतल्या लोरेन्झो वाल्ला या मानवतावाद्याचं प्रकरण बघा.

पोपच्या दरबारात एक दस्तऐवज होता. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोप सिल्वेस्टरला रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग बहाल केला, असं त्यात लिहिलं होतं. पोपच्या राजकीय सत्तेच्या दाव्यांना त्याचा आधार दिला जाई. १४४० साली वाल्लाने हा दस्तऐवज शब्द शब्द सुटा करून वाचला. त्यात रोमन अधिकाऱ्यांच्या बरोबरीने ‘क्षत्रप’ आले होते. क्षत्रप हा इराणी साम्राज्यातला हुद्दा, आणि कॉन्स्टन्टाइनच्या रोममधल्या हुकूमनाम्यात क्षत्रप कुठून आले, हा त्याचा सवाल. कॉन्स्टँटिनोपल हे धर्मपीठ असल्याचा उल्लेख त्यात होता. पण ज्या वेळी हा हुकूम लिहिला म्हणतात, त्या वेळी ते शहर त्या नावाने उभंच नव्हतं. लॅटिनही चौथ्या शतकाचं वाटत नव्हतं, वाक्यं ओबडधोबड होती. आपल्याकडे एखाद्याने शिवकालीन म्हणून सनद पुढे करावी आणि तिच्यात ‘जिल्हाधिकारी’ असा शब्द निघावा, तशातली गत. आज तो दस्तऐवज साधारण आठव्या शतकातला बनावट मानला जातो.

वाल्ला हा सत्यासाठी एकटा लढणारा वीर होता, असं मात्र नाही. तो त्या वेळी आरागॉनच्या राजा अल्फोन्सोच्या पदरी होता, आणि राजाचं पोपशी नेपल्सवरून वाकडं होतं. काही वर्षांनी वाल्ला पोपच्याच दरबारात नोकरीला लागला. हेतू मिसळलेले होते, पण पद्धत टिकली. कागद खरा की खोटा हे तो कुणाच्या कपाटात आहे यावरून ठरवायचं नाही, त्याच्या भाषेवरून ठरवायचं. आपल्याकडचे इतिहाससंशोधक मोडी कागदांवरचा मायना, शिक्का आणि भाषा तपासतात ते याच जातीचं काम आहे.

कलेत नक्की काय बदललं? ‘चित्रं जिवंत वाटू लागली’ म्हणजे काय?

‘जिवंत’ हा शब्द उत्तरात टाळा, त्यातून काहीच कळत नाही. बदल मोजता येण्यासारखा आहे.

आधीच्या चित्रकारांनाही लांबची वस्तू लहान दिसते हे ठाऊक होतं. ज्योत्तोने १३०० च्या सुमारास घरं, छपरं तिरकी काढून खोली दाखवलीच होती. पण किती लहान, याचा नियम नव्हता. तो अंदाजाचा मामला होता. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२५ च्या आधी कधीतरी एक प्रयोग केला. तो कॅथेड्रलच्या दारात, उंबऱ्यापासून थोडा आत उभा राहिला आणि समोरच्या बाप्तिस्मागृहाचं चित्र साधारण एक फूट रुंदीच्या फळीवर काढलं. आकाश रंगवलं नाही. तिथे चकाकणारी चांदी लावली, म्हणजे खरे ढग तिच्यात दिसावेत. मग फळीला बारीक भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या पाठीमागून त्या भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आरसा बाजूला केला की खरं बाप्तिस्मागृह दिसे आणि पुन्हा धरला की चित्र. दोन्ही जुळायला हवीत. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती सांगतो की ती फळी त्याने स्वतः हातात धरून पाहिली होती.

भोक कशाला, ते नीट ध्यानात घ्या. चित्र खरं वाटायचं तर डोळा एका ठरावीक जागी हवा. डोळा हलला की फसवणूक उघडी पडते. म्हणजे यथार्थदर्शन हे बघणाऱ्याची जागा आधी ठरवून काढलेलं चित्र आहे. पुढे माझाच्चोने १४२७ च्या सुमारास सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘त्रिमूर्ती’ रंगवली (आपली नव्हे, ख्रिस्ती). तिथे सगळ्या रेषा ज्या बिंदूकडे धावतात तो क्रुसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. ओल्या गिलाव्यात रेषा आखताना उमटलेल्या खुणा भिंतीवर अजून सापडतात.

हा नियम वहीवर करून बघता येईल का?

येईल, आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्यांनी तर करावाच.

समजा, तुमचा डोळा जमिनीपासून १५० सेंमीवर आहे. समोर ३०० सेंमीवर एक काच उभी आहे, आणि काचेपलीकडे १०० सेंमीच्या चौकोनी फरश्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक फरशीची मागची कड काचेवर किती उंचीला दिसेल? डोळ्यापासून त्या कडेपर्यंत दोरा ताणला असं समजा. दोरा काचेला जिथे छेदतो ती उंची. समरूप त्रिकोणांनी ती अशी निघते: डोळ्याची उंची गुणिले काचेपासून कडेचं अंतर, भागिले डोळ्यापासून कडेचं अंतर.

पहिली कड: १५० × १०० ÷ ४०० = ३७.५ सेंमी. दुसरी: १५० × २०० ÷ ५०० = ६०. तिसरी: १५० × ३०० ÷ ६०० = ७५. चौथी: १५० × ४०० ÷ ७०० = साधारण ८५.७. म्हणजे चित्रात फरश्यांच्या पट्ट्या अनुक्रमे ३७.५, २२.५, १५ आणि १०.७ सेंमीच्या होतात. वहीवर सगळं दहाने भागा: क्षितिजरेषा १५ सेंमीवर, पहिली पट्टी ३.७५ सेंमीची, अशा क्रमाने. आपल्यापासून दूर जाणाऱ्या फरश्यांच्या सगळ्या रेषा क्षितिजरेषेवरच्या एका बिंदूला, लोपबिंदूला, नेऊन मिळवा.

अल्बेर्तीच्या काळात काही चित्रकार एक सोपी युक्ती वापरत: प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या दोन तृतीयांश काढायची. अल्बेर्तीने तिला चूक ठरवलं. ती का चूक, ते आपल्याच आकड्यांवर दिसतं. ३७.५, मग २५, मग १६.७, मग ११.१... वरवर पाहता फरक फारसा नाही. पण हे आकडे कितीही पुढे मिळवत गेलात तरी बेरीज ११२.५ सेंमीच्या वर जात नाही. क्षितिज मात्र १५० वर आहे. अंगण कितीही लांब काढलं तरी जमीन क्षितिजाला टेकणारच नाही, मध्येच हवेत संपेल.

चूक पकडायची अल्बेर्तीची खूण तर आणखी सोपी आहे. एका कोपऱ्यातून एका फरशीचा कर्ण काढा आणि मोजपट्टी तशीच पुढे सरकवा. आकृती बरोबर असेल तर तीच सरळ रेषा पुढच्या प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यातून जाते. दोन तृतीयांशच्या युक्तीने काढलेल्या जमिनीवर कर्णाची रेषा वाकडी होते. चित्र चांगलं की वाईट यावर वाद घालता येईल, पण ही रेषा वाकडी झाली तर वाद उरत नाही. चित्रकार कारागिरांच्या रांगेतून उठून विद्वानांशेजारी बसू लागले, त्यात अशा भूमितीचाही वाटा आहे.

विज्ञानावर परिणाम कसा झाला? एखादं ठोस उदाहरण द्या.

आंद्रेआस व्हेसालिअस. १५४३ साली त्याचं मानवी शरीराच्या रचनेवरचं पुस्तक बाझेलमध्ये छापलं गेलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्या वेळी शरीररचना शिकवायची रीत ठरलेली होती. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन वाचत. गेलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. खाली न्हावी-शस्त्रवैद्य प्रेत कापत असे आणि तिसरा माणूस छडीने अवयव दाखवत असे. वाचणारा कापत नव्हता आणि कापणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. ग्रंथात आणि प्रेतात फरक निघाला तर तो कुणाच्या लक्षात यायचा? व्हेसालिअस पादुआत आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतः हातात घेतली.

पण गोष्ट एवढ्यावर संपवली तर खरी मजा हातची जाते. व्हेसालिअसही आधी गेलनच बघत होता. १५३८ साली त्याने शरीराचे मोठे तक्ते छापले, त्यांत मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक ‘अद्भुत जाळं’ दाखवलं आहे आणि यकृताला पाच पाळ्या दिल्या आहेत. माणसात ते जाळं नाही, पाच पाळ्याही नाहीत. जाळं मेंढी-बैलांत असतं. प्रेतं डोळ्यांसमोर असूनही त्याच्या हाताने ग्रंथातलंच चित्र काढलं. पाच वर्षांनी मोठ्या पुस्तकात त्याने हे कबूल केलं: शिकवताना ते जाळं दाखवता यावं म्हणून माणसाच्या डोक्याबरोबर कोकराचं किंवा बैलाचं डोकंही जवळ ठेवावं लागे, इतका गेलनवर आपला विश्वास होता.

डोळे उघडले ते तुलनेने. १५४० साली बोलोन्यात त्याने माकडाचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी उभे केले. गेलनने मणक्यांचं केलेलं वर्णन माकडाच्या सांगाड्याशी जुळत होतं, माणसाच्या नाही. मग उलगडा झाला की गेलनने माणूस चिरलाच नसावा. रोमन काळात तशी मोकळीक नव्हती, म्हणून तो माकडं, डुकरं, बैल यांच्यावरून लिहीत गेला. त्यानंतर चुका भराभर सापडू लागल्या. गेलनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा. व्हेसालिअसला माणसात तो एकाच हाडाचा दिसला.

म्हणजे त्याने गेलनला खोटा पाडलं नाही. गेलन जे सांगत होता त्यातलं बरंच जनावरांबद्दल खरं होतं. पॅरिसमधला व्हेसालिअसचा जुना गुरू सिल्व्हिअस मात्र भडकला. गेलनची चूक असणं शक्य नाही, त्यानंतरच्या काळात माणसाचं शरीरच बदललं असेल, असा युक्तिवाद त्याने केला. हसू येतं खरं, पण ग्रंथ आणि वस्तू जुळत नसतील तर चूक वस्तूची, हा विचार आपल्याकडे नामशेष झाला आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि व्हेसालिअसही चुकलाच. त्याच्या पुस्तकात मूत्रपिंडाची आकृती आहे ती कुत्र्याची.

यात कलेचा संबंध कुठे आला?

पुस्तकातल्या आकृत्यांत आला. उत्तम चित्रकारांनी काढलेल्या आकृत्या लाकडी ठोकळ्यांवर कोरल्या गेल्या. ते ठोकळे व्हेनिसहून आल्प्स ओलांडून बाझेलला नेले. हाताने नक्कल केलेल्या आकृतीत दर प्रतीला काहीतरी सुटायचं. छापलेली आकृती पादुआत आणि पॅरिसमध्ये तीच राहिली, त्यामुळे दूरच्या वाचकालाही ‘इथे चुकलं आहे’ असं त्याच रेषेवर बोट ठेवून म्हणता आलं. यथार्थदर्शन, छापखाना आणि सुरी ही तिन्ही एका पुस्तकात आली, म्हणून मी प्रबोधनाचं उदाहरण म्हणून कोपर्निकसच्या आधी हे पुस्तक घेतो.

कोपर्निकसला वगळून कसं चालेल?

नाही चालणार. त्याचंही पुस्तक १५४३ चंच, न्युरेम्बर्गला छापलेलं. पण ‘त्याने दुर्बिणीतून बघून सिद्ध केलं’ असं लिहू नका. दुर्बीण आकाशाकडे वळली ती १६०९-१० मध्ये. कोपर्निकस हा बऱ्याच अंशी ग्रंथांतला माणूस होता. बोलोन्या-पादुआत शिकलेला आणि ग्रीक येणारा. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या गणितातल्या खटकणाऱ्या जागा त्याने हेरल्या, पृथ्वी फिरते म्हणणारे प्राचीन ग्रीक शोधून त्यांचा आधार दिला आणि सूर्य मध्ये ठेवून सगळं गणित पुन्हा मांडलं. ग्रह कुठे दिसेल याची त्याची भाकितं टॉलेमीपेक्षा फार अचूक नव्हती, त्यामुळे लोक लगेच पटले नाहीत. पुरावे पुढच्या शतकात केप्लर आणि गॅलिलिओकडून आले.

उत्तरात आणखी कोणती वाक्यं टाळावीत?

‘लिओनार्दो दा विंचीमुळे विज्ञानात क्रांती झाली.’ त्याची शरीराची रेखाटनं थक्क करणारी आहेत, पण ती वह्यांत राहिली. त्याने ती छापली नाहीत, म्हणून शास्त्राच्या वाटचालीवर त्यांचा परिणाम फार थोडा. चित्रकार म्हणून त्याला जरूर घ्या.

‘मध्ययुग हे अंधारयुग होतं.’ बोलोन्या, पॅरिस, पादुआ ही विद्यापीठं मध्ययुगातली. ॲरिस्टॉटल आणि गेलन अरबीतून लॅटिनमध्ये आले ते बाराव्या शतकापासून. अंधाराची उपमा पेत्रार्कची, आणि ती मनावर घेतली ती त्याच्या पुढच्यांनी. आपल्या आधीच्यांना आंधळं म्हणण्याची हौस प्रत्येक पिढीला असते.

‘सामान्य माणूस जागा झाला.’ टस्कनीतल्या शेतकऱ्याला वाल्ला कोण हे कधी कळलंही नसेल. चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याचे खटले याच काळाच्या शेवटी वाढले. गुलामांचा व्यापारही याच काळात समुद्रापार पसरला. ही चळवळ लिहिता-वाचता येणाऱ्या मूठभरांची होती.

आपल्या भागाशी याचा काही संबंध आला का?

आला, तोही त्याच शतकात. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य सालामांका आणि अल्काला इथे शिकून १५३४ साली भारतात आला आणि गोव्यात स्थिरावला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचं जाणं-येणं होतं. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं आणि तिथे त्याची बाग होती. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचं भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. छपाई इतकी ढिसाळ, की शुद्धिपत्रच कित्येक पानांचं झालं.

पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. सालामांकाहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक पंडित प्रश्न विचारतो आणि दर वेळी ग्रीक ग्रंथांचा हवाला देतो. ऑर्ता त्याला म्हणतो, मला डायस्कोरिडीस आणि गेलनची भीती घालू नका, मी खरं आणि मला ठाऊक आहे तेवढंच सांगणार. हे एका बाजूला व्हेसालिअसचंच बोलणं. फरक असा की व्हेसालिअसने माकडाशेजारी माणूस ठेवला, ऑर्ताने ग्रंथाशेजारी बाजारातला हिंग ठेवला आणि वैद्य-हकिमांना त्याबद्दल विचारलं. पटकीच्या प्रकरणात तो रोगाचं इथलं नाव देतो ते ‘मोर्शी’, आणि आपण पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो असंही सांगतो. आपली मोडशी ती हीच. आजी अजीर्ण झालं की जो शब्द वापरायची, तो १५६३ च्या छापील पुस्तकात सापडतो.

कार्लुस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुस्तकाचा लॅटिन सारांश १५६७ साली अँटवर्पमध्ये छापला आणि तो युरोपभर वाचला गेला. ऑर्ता त्यानंतर वर्षभरात, १५६८ मध्ये, गोव्यात वारला. त्याचं घराणं मूळचं ज्यू होतं. १५६९ साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. १५८० साली ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळण्यात आली. त्या सुमारास त्याचं पुस्तक लॅटिनमधून पुन्हा पुन्हा छापलं जात होतं.